शुद्ध मराठी, धेडगुजरी, की घरातली मराठी? शहरातल्या तरुणांसाठी व्हॉइसओव्हर लिहिताना

गुहागर तालुक्यात समुद्राजवळ चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या एका काकांसाठी अलीकडे मी तीस सेकंदांच्या रीलचा व्हॉइसओव्हर लिहून दिला. ऐकणारे कोण, तर पुण्या-ठाण्याकडचे पंचवीस-तिशीतले, बहुतेक इंग्रजी माध्यमात शिकलेले, घरी मराठी बोलणारे. काकांचा प्रश्न सरळ होता : "ह्यांच्याशी मराठीत बोलायचं, की इंग्रजी घालायचं? आणि घालायचं तर किती?" मी त्यांना तीन स्क्रिप्ट लिहून दिल्या. तुम्हालाही हाच निर्णय करायचा असेल, तर त्या तिन्ही शेजारी ठेवून बघा.

पहिली :

"कोकणच्या निसर्गरम्य सागरतीरी, नारळी-पोफळीच्या सान्निध्यात आपले सहर्ष स्वागत आहे. कुटुंबासह अथवा मित्रपरिवारासह सुट्टीचा आनंद लुटण्यासाठी आजच आपले आरक्षण निश्चित करा."

दुसरी :

"हे गाइज! सिटी लाइफने बोअर झालात? देन पॅक युअर बॅग्ज आणि या आमच्या ब्युटिफुल बीच होमस्टेला! अमेझिंग सनसेट, ऑथेंटिक कोकणी फूड आणि चिल व्हाइब्स. सो व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

तिसरी :

"शुक्रवारी ऑफिसमधून निघालात, तर शनिवारी सकाळी आमच्या पडवीत चहा घ्याल. समुद्र अंगणातून दिसत नाही, पण आवाज रात्रभर ऐकू येतो. पाच मिनिटं चाललात की बीच. दुपारी सुरमई, नाहीतर आमटी-भात आणि सोलकढी. नेटवर्क पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळतं. फोन लागला नाही तर मेसेज टाका. रूम चारच आहेत. वीकेंडला यायचं असेल तर बुधवारपर्यंत कळवा."

पहिलीत चूक एकही नाही, पण ती कुणाच्या तोंडची नाही. 'आरक्षण निश्चित करा' असं काका स्वतः फोनवर कधी म्हणत नाहीत. ते 'बुकिंग करून टाका' म्हणतात. ऐकणाऱ्याला ही भाषा कळत नाही असं नाही, फक्त ती त्याला रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी लागते, आणि घोषणा माणूस कानामागे टाकतो.

दुसरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. शहरातली मुलं एवढं इंग्रजी बोलतात हे खरंच आहे. मग ही स्क्रिप्ट ओढूनताणून का वाटते? त्या मुलांचं बोलणं नीट ऐका. मराठी बोलता बोलता ती एखादं अख्खं वाक्य इंग्रजीत टाकतात, तेव्हा त्याला कारण असतं. कुणी काय म्हणालं ते तसंच सांगायचं असतं, चिडलेलं असतं, किंवा ऑफिसातला विषय निघालेला असतो. 'देन पॅक युअर बॅग्ज' ह्याला तसं काहीच कारण नाही. दुसरं असं की मिसळ होते ती मुख्यतः नामांची आणि 'करणे-होणे' लावून केलेल्या क्रियापदांची : बुक करणे, कॅन्सल होणे, लोकेशन पाठवणे. विशेषणांचं तसं नाही. समुद्राला समोर उभं राहून 'भारी' म्हणतात, 'ब्युटिफुल समुद्र' कुणी म्हणत नाही. आणि 'फूड' हा शब्द जेवणाच्या ताटासमोर बसलेल्या मराठी मुलाच्या तोंडी मी तरी ऐकलेला नाही. तो म्हणतो, "जेवण कसलं होतं!"

तिसरीत इंग्रजीतून आलेले शब्द आठ आहेत : ऑफिस, मिनिटं, बीच, नेटवर्क, फोन, मेसेज, रूम, वीकेंड. साधारण पन्नास शब्दांत आठ म्हणजे कमी नव्हेत. तरी ते टोचत नाहीत, कारण वाक्याचा सांगाडा मराठी आहे आणि हे शब्द त्यात मराठी होऊनच बसलेत. 'मिनिटं' तर कुणाला इंग्रजी वाटतच नाही. मिनिट, मिनिटं, मिनिटांत असा तो आपल्या नपुंसकलिंगी नामासारखा चालतो. फेरीबोटीचंही तसंच. 'दाभोळहून फेरीबोटीत गाडी टाका आणि धोपाव्याला उतरा' हे वाक्य आमच्याकडे रोज बोललं जातं आणि 'बोटीत' म्हणताना कुणाची जीभ अडत नाही.

शब्द निवडताना मी हीच परीक्षा लावतो : त्याला मराठी प्रत्यय लावून, अनेकवचन करून मोठ्याने बोलायचं. 'रूम चारच आहेत' सहज येतं, कारण बोलताना आपण इंग्रजीतला शेवटचा 'स' सोडून देतो. 'रूम्सना', 'व्हाइब्समध्ये' म्हणून बघा, जीभ थबकते. जिथे थबकते तिथे ऐकणाऱ्याचा कानही थबकतो. लिंगाचंही बघावं लागतं. जुन्या शब्दांचं लिंग ठरून गेलंय, बहुधा जवळच्या मराठी शब्दावरून : गाडी म्हणून ती ट्रेन, ती बस, ती कार. नव्या शब्दांचं अजून ठरायचं असतं. 'आमचा होमस्टे' की 'आमचं होमस्टे', ह्यावर काका आणि त्यांची मुलगी ह्यांचंच एकमत नव्हतं. अशा वेळी अर्ध्या ऐकणाऱ्यांना चुकीचं वाटणारच, म्हणून तिसऱ्या स्क्रिप्टमध्ये तो शब्दच ठेवला नाही. 'आमच्या पडवीत' म्हटलं की काम झालं. पडवीला व्हरांडाही म्हणायचं नाही. जी वस्तू इथली आहे तिला इथलाच शब्द. न कळणाऱ्याला रीलमध्ये पडवी दिसतेच आहे.

स्क्रिप्ट ठरली तरी अर्धं काम आवाजात असतं. आवाज देणारी ठाण्याची मुलगी, चांगली तयारीची. पहिल्या टेकला ती प्रत्येक इंग्रजी शब्दाआधी किंचित थांबत होती आणि त्या शब्दावर सूर वर नेत होती. 'वीकेंडला' तर एखाद्या ब्रँडचं नाव घ्यावं तसं आलं. कारण तिच्या हातातल्या कागदावर होतं. मीच तिला ते शब्द रोमन लिपीत टाइप करून दिले होते. डोळ्याला लिपी बदललेली दिसली की तोंडही बदलतं. सगळं देवनागरीत लिहून दिलं, तेव्हा ते थांबणं बरंचसं गेलं. उरलेलं एका जुन्या युक्तीने गेलं. तिला म्हटलं, "आधी 'रविवारी यायचं असेल तर' असं म्हण. दोन-तीनदा म्हण. आता सूर तोच ठेव आणि 'वीकेंडला' म्हण." चौथ्या टेकला ते वाक्य बोलल्यासारखं आलं.

मला मात्र खरी खटक इंग्रजी शब्दांत नव्हे, मराठी शब्दांत सापडली. 'पाच मिनिटं चाललात की बीच' ह्या पाच शब्दांत तीन च आहेत. 'पाच' आणि 'चाललात' मधला च दातांजवळचा, 'चमचा' मधला. 'बीच' मधला च टाळूचा, 'चहा' मधला. ती तिन्ही टाळूचे म्हणत होती. 'चारच' मध्ये तर एकाच शब्दात दोन्ही येतात : पहिला चहाचा, शेवटचा चमच्याचा. हे चुकलं की मराठी शब्दच परका वाटायला लागतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, इंग्रजी फार झालं. मग लेखक स्क्रिप्टमधला आणखी एक इंग्रजी शब्द काढतो आणि काहीच सुधारत नाही. अनुस्वाराचंही तेच. 'मिळतं' चा शेवट नाकातून काढला की ते वाचन वाटतं. तिथे फक्त अ लांबवायचा. कागदावर दातांच्या च खाली पेन्सिलने रेघ मारून दिली, एवढ्यावर भागलं. तुमच्या माणसाला हा फरक जमतच नसेल, तर स्क्रिप्ट बदलण्यापेक्षा आवाज बदललेला बरा.

आकड्यांचा निर्णय वेगळा करावा लागतो. इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं 'एकोणसत्तर' ऐकून एक क्षण हिशोब करत बसतात, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. पण 'दीड तास', 'साडेतीन', 'पंधराशे', 'दोन हजार' ही त्यांच्याही बोलण्यातली आहेत. म्हणून भाडं सांगायचं तर ते गोल करून मराठीत सांगावं. गोल होत नसेल तर पडद्यावर लिहावं. फोन नंबर आवाजात देऊच नये. द्यायचाच झाला तर एकेक आकडा सुटा, इंग्रजीत, तीन-चारच्या गटांनी.

काकांनी मधेच विचारलं, "सुरुवातीला 'येवा' वगैरे टाकूया का?" मी नको म्हटलं. ती मालवणी, सिंधुदुर्गातली. गुहागरच्या घरात कुणी तसं बोलत नाही, आणि येणाऱ्या पाहुण्याला इथे ते ऐकू येणार नाही. मालवणात किंवा तारकर्लीत तुमचा व्यवसाय असेल आणि आवाजही तिथल्याच माणसाचा असेल, तर जरूर.

मग पहिली स्क्रिप्ट कुठेच चालणार नाही का? चालते. जिथे शब्द नेमका हवा आणि त्याला खेळीमेळीचा सूर शोभत नाही, तिथे तीच लागते. ह्याच काकांच्या दुसऱ्या रीलमध्ये समुद्रात उतरण्याबद्दल सूचना होती. तिथे मी 'सेफ्टी फर्स्ट' किंवा 'लो टाइड' लिहिलं नाही. "ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. तेव्हा पाण्यात उतरू नका." भरती-ओहोटी ठाण्याच्या मुलालाही शाळेपासून माहीत असते, आणि हे वाक्य गावातल्या माणसाने सांगितल्यासारखं ऐकू आलं तर तो थांबतो. सणाचं, देवळाचं, घरगुती जेवणाचं सांगायचं असेल तेव्हाही मी तिकडेच झुकतो, फक्त 'सान्निध्य' आणि 'सहर्ष' काढून.

दुसरी स्क्रिप्ट मी एकाच परिस्थितीत घेईन : बोलणारा स्वतः त्या वयाचा आहे, कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या नावाने बोलतोय, आणि रोज तसाच बोलतो. मग त्याला स्क्रिप्ट देऊच नका. मुद्दे द्या आणि त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. दुसऱ्याने लिहून दिलेलं 'सो गाइज' पाठ करून आलं की लगेच कळतं. आणि असली बोली फार लवकर शिळी होते. 'व्हाइब्स' आज चालतात, पण काकांना हीच रील दोन सीझन वापरायची आहे.

शेवटच्या टेकनंतर काकांनी एकच बदल सुचवला. मी 'मेसेज करा' लिहिलं होतं. ते म्हणाले, "पोरं 'मेसेज टाका' म्हणतात. मला रोज फोनवर तेच ऐकू येतं." ते बरोबर होते. वर दिलेल्या स्क्रिप्टमध्ये म्हणूनच 'टाका' आहे, आणि तेवढी ओळ त्या मुलीने पुन्हा रेकॉर्ड करून पाठवली.