हिल स्टार्ट असिस्ट आणि हिल डिसेंट कंट्रोल: नागपुरात आठ महिने वापरल्यावर

गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, ओढ पुढच्या चाकांना. आठ महिन्यांत साडेनऊ हजार किलोमीटर झाले. त्यातले बहुतेक शहरातले, बाकीचे रामटेक, चिखलदरा आणि शेताकडच्या कच्च्या रस्त्यांवरचे. नागपूर सपाट, इथे चढ-उताराची बटणं कशाला, असं गाडी घेताना सगळेच म्हणतात. पण रामदासपेठ-धरमपेठेत तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडताना रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यावरच्या गर्दीसाठी थांबावं लागतं आणि मागे दुसरी गाडी येऊन उभी राहते. शहरात खरी परीक्षा तिथे होते, घाटात नाही.

आधी हिल स्टार्ट असिस्ट, म्हणजे चढावर निघताना गाडी मागे घरंगळू न देणारं. ते स्वतःहून ब्रेक दाबत नाही, तुम्ही दाबलेला ब्रेक सुटू देत नाही. गाडी घसरताना सावरणाऱ्या ईएसपी यंत्रणेच्या सेन्सरला गाडीचं नाक किती वर आहे ते कळतं. गाडी पूर्ण थांबलेली आहे, ब्रेक दाबलेला आहे, उतार पुरेसा आहे, एवढं जमलं की ब्रेकवरून पाय उचलताच एबीएसच्या युनिटमधले व्हॉल्व्ह बंद होतात आणि चाकांकडे गेलेलं ब्रेक ऑइल दाबासकट तिथेच कोंडलं जातं. साधारण दोन सेकंद. इंजिनाने पुरेसा जोर धरला की व्हॉल्व्ह हळूहळू उघडतात. जोर धरला नाही तरी वेळ संपल्यावर उघडतातच. ही दोन सेकंदं संपताना कुठली घंटा वाजत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

दोन सेकंद किती मोलाची, ते हिशेबात बघू. रॅम्प 8 मीटरला 1 मीटर चढतोय, म्हणजे साडेबारा टक्के. माणसांसकट गाडी 1500 किलो. तिला मागे ओढणारा जोर साधारण 185 किलो वजनाएवढा. ब्रेक सोडला आणि क्लच पकडला नाही, तर पहिल्या सेकंदात गाडी अर्धा मीटर मागे येते आणि दुसरं सेकंद संपेपर्यंत दोन मीटरच्या पुढे. वेग वाढत जातो म्हणून दुसरं सेकंद पहिल्याच्या तिप्पट महाग पडतं. ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेऊन क्लच पकडेपर्यंत सरावलेल्या माणसालाही पाऊण-एक सेकंद लागतं. असिस्ट नेमकं तेवढं झाकतं, वर एक सेकंद शिल्लक ठेवून. ती शिल्लक मोबाइल उचलण्यासाठी नाही.

रॅम्पवरची पद्धत अशी. गाडी थांबली की ब्रेक जरा घट्ट दाबायचा, कारण जेमतेम दाबून उभी केली असेल तर कोंडला जाणारा दाबही जेमतेमच असतो. रॅम्पवर गाडी इंच-इंच सरकल्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मग क्लच पूर्ण आत, पहिला गिअर. रस्ता मोकळा दिसल्यावरच ब्रेक सोडायचा, आधी नाही. क्लच पकडायला लागल्यावर बोनेट किंचित उचलतं, तिथे थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि क्लच सावकाश सोडायचा. वॉचमन ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून हात हलवतो आणि लगेच ‘थांबा’ करतो, तेव्हा पाय ब्रेकवर परत गेलाच पाहिजे. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर असिस्ट असूनही क्लच प्लेट जळणार, मे महिन्यात तर वास लगेच येतो.

गाडी नाक खाली करून तळघरात उभी असेल आणि रिव्हर्समध्ये वर काढायची असेल, तरीही असिस्ट चालतं. पण त्यासाठी आधी रिव्हर्स पडलेला हवा. आमच्यासारख्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्सवर रिव्हर्सच्या लाइटचं तेवढं एक स्विच असतं. रिव्हर्स नाही म्हणजे पुढे जायचंय, असं युनिट धरून चालतं. म्हणून नाक खाली असताना न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडला तर गाडी सरळ पुढे घरंगळते, कारण युनिटच्या मते तुम्हाला उतारच उतरायचा आहे.

फ्लायओव्हरवर मात्र अपेक्षा ठेवू नका. फ्लायओव्हरचे चढ मवाळ असतात, 30 मीटरला 1 मीटर वगैरे, म्हणजे तीन-सव्वातीन टक्के. असिस्ट बहुतेक गाड्यांत तीन ते पाच टक्क्यांच्या पुढेच जागं होतं. तेवढ्या चढावर गाडी दोन सेकंदांत 40 सेंटीमीटर मागे येते. पण नागपुरात मागचा ऑटो बंपरला चिकटूनच उभा असतो, त्याला तेवढं पुरतं. इथे जुना उपाय बरा: हँडब्रेक ओढायचा, क्लच पकडला की सोडायचा. हँडब्रेक ओढलेला असताना असिस्ट आपोआप बाजूला होतं, दोघांची भांडणं होत नाहीत. सिग्नलला मिनिटभर थांबायचं असेल तरी हँडब्रेकच. ज्यांच्या गाडीत ऑटो होल्ड आहे त्यांची गोष्ट वेगळी, ते दोन सेकंदांवर सोडत नाही.

आता हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे खड्या उतारावर गाडी आपोआप सावकाश उतरवणारं. भाग तेच, काम उलटं. इथे युनिटचा पंप स्वतः दाब तयार करतो आणि प्रत्येक चाकाचा वेग बघून त्या-त्या चाकाचा ब्रेक वेगळा लावतो-सोडतो. खालून घर्रर्र असा आवाज येतो, पेडल थरथरतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी तुटलं असंच वाटतं, पण तो पंप आहे. ब्रेक युनिट लावत असताना मागचे ब्रेक लाइटही लागतात, हे मागे कुणाला तरी उभं करून एकदा बघून घ्या.

ते खरं कामाला येतं मुरूम टाकलेल्या खड्या उतारावर, उदाहरणार्थ शेताच्या वाटेवर नाल्यात उतरताना. अशा ठिकाणी माणूस ब्रेक दाबतो तेव्हा चारही चाकांवर एकदमच दाबतो. मुरुमावर एखादं चाक अडकून घसरतं आणि गाडी तिरपी व्हायला लागते. डिसेंट कंट्रोल फक्त त्या चाकाचा ब्रेक सैल करतं, बाकीच्या तिघांवर धरून ठेवतं. तुमचे हात मोकळे राहतात, लक्ष फक्त स्टिअरिंगवर.

करायचं ते उताराच्या डोक्यावर, उतरायला लागल्यावर नाही. गाडी थांबवा, पहिला गिअर टाका, बटण दाबा, डॅशबोर्डवर हिरवं चिन्ह आलं की क्लच पूर्ण सोडून गाडी हलू द्या आणि ब्रेकवरून पाय काढा. चिन्ह लुकलुकायला लागलं म्हणजे ब्रेक लागताहेत. मॅन्युअलवाल्यांनी एक पथ्य पाळायचं: मध्ये क्लच दाबायचा नाही आणि न्यूट्रल करायचं नाही. इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. उलट बाजूने, पहिल्या गिअरमध्ये आयडलवर गाडी सात-आठच्या वेगाने चालते, त्याच्याही खाली ब्रेकने दाबत गेलात तर इंजिन धडधडून बंद पडतं. म्हणून चारच्या वेगाने उतरायची हौस ऑटोमॅटिकवाल्यांनी करावी. वेग थोडा वाढवायचा तर ॲक्सिलरेटर हलका दाबायचा, कमी करायचा तर ब्रेक.

विदर्भातल्या वाचकांसाठी मोठी अट काळ्या मातीची. पावसानंतर काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. चारही चाकं घसरायला लागली की युनिट चाक अडकू नये म्हणून ब्रेक सोडतं, आणि गाडी थांबण्याऐवजी वेग घेते. बटण चालू आहे, चिन्ह लुकलुकतंय आणि तरीही गाडी पळतेय, असं दिसलं तर बिघाड शोधू नका, पकडच नाहीये. अशा उतारावर आधी पायी उतरून बघावं. चपलेला माती चिकटून पाय जड झाले तर गाडी वरच ठेवावी.

चिखलदऱ्याच्या डांबरी घाटात हे बटण लावू नका. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. चिखलदरा 1,118 मीटरवर, परतवाडा त्याच्या जवळपास सातशे मीटर खाली. 1500 किलोची गाडी एवढी खाली आणायची म्हणजे तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरवायची, ती जवळजवळ तीन युनिट विजेएवढी होते. दीड हजार वॅटचा गिझर दोन तास चालवल्यासारखं. थोडी ऊर्जा टायर आणि वाऱ्यात जाते, उरलेली एक तर इंजिन खातं नाही तर ब्रेकच्या डिस्क. डिसेंट कंट्रोलचं मुख्य हत्यार ब्रेकच आहे, त्यामुळे लांब उतारावर तो गिझर डिस्कमध्ये चालू होतो. बऱ्याच गाड्यांत युनिट ब्रेकच्या तापमानाचा अंदाज धरून ठेवतं आणि मर्यादा ओलांडली की स्वतःला बंद करतं, तेही नेमकं उताराच्या मध्यावर.

तिथे दुसरा किंवा तिसरा गिअर. ज्या वेगाला गाडी पायाशिवाय स्थिर राहते तो गिअर बरोबर. वळणाआधी ब्रेक ठामपणे दाबायचा आणि पूर्ण सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर खालच्या गिअरमध्ये सावकाश जाऊन सुरक्षित जागी थांबा. थांबल्यावर हँडब्रेक लगेच ओढू नका, चाकाला दगड लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकांवर पाणी तर मुळीच नको, तापलेली डिस्क वाकडी होते आणि नंतर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.

आठ महिन्यांत बिघाड एकच, आणि तो विचित्र. सपाट रस्त्यावर निघताना गाडी क्षणभर मागून कुणी धरल्यासारखी अडायची. एका वर्कशॉपने क्लच प्लेट बदलायला सांगितली. खरं कारण होतं नाकाची उंची मोजणारा सेन्सर. ब्रेकच्या कामानंतर त्याचं शून्य नीट बसवलेलं नव्हतं, म्हणून त्याला सपाट रस्ताही चढ वाटत होता. स्कॅनर लावून, सपाट फरशीवर गाडी उभी करून शून्य पुन्हा बसवलं की दहा मिनिटांत काम झालं. ओळखायची युक्ती साधी आहे: हँडब्रेक एक-दोन खटके ओढून निघून बघा. असिस्ट बाजूला होतं, आणि ती खास ‘धरून सोडल्यासारखी’ अडचण गेली तर क्लचला हात लावू देऊ नका.