सोमवार, गुरुवार की श्रावण: खानावळीची सुट्टी ठरवताना

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळ माझ्या मामेभावाची माशांची खानावळ आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. गेली काही वर्षं तो आठवड्याचे सातही दिवस उघडा होता. आता त्याला दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी घ्यायची. दुसरी, वर्षातून महिनाभर बंद ठेवून रंगकाम आणि गटाराचं काम उरकायचं, तर तो महिना कोणता. "सोमवार आणि ऑगस्ट, यात बघायचं काय?" असं तो म्हणाला. मी त्याच्या थाळ्यांच्या वह्या मागून घेतल्या. वारांसाठी २०२५ ची वही, महिन्यांसाठी २०२३ ते २०२५ अशा तिन्ही.

वार आणि महिना यांत मोठा फरक पुराव्याचा आहे. वर्षात सोमवार बावन्न वेळा येतो, ऑगस्ट एकदाच. ऑगस्टमधल्या एकतीस दिवसांची विक्री हे एकतीस स्वतंत्र पुरावे नसतात. चार दिवस धो धो पाऊस लागला किंवा शेजारी रस्ता खणला, तर सगळे दिवस एकदमच पडतात. म्हणजे वाराबद्दल एका वहीत बरंच कळतं, महिन्याबद्दल तीन वह्यांतही फक्त तीन निरीक्षणं मिळतात.

आधी वार. प्रत्येक आठवड्यात सर्वांत कमी थाळ्या कोणत्या वारी गेल्या एवढंच मी मोजलं. सरासरी मुद्दाम टाळली, कारण एखाद्या मोठ्या ऑर्डरने ती बिघडते. शिवाय तुलना एकाच आठवड्याच्या आत राहते, त्यामुळे पावसाळा-उन्हाळ्याचा फरक मध्ये येत नाही. निकाल असा: सोमवार २१ आठवडे, गुरुवार १४, शनिवार ८, मंगळवार ५, बुधवार २, शुक्रवार आणि रविवार एकेक.

वाराचा काहीच संबंध नसता, तर प्रत्येक वाराच्या वाट्याला साधारण साडेसात आठवडे आले असते. पण नशिबानेही कुणीतरी पुढे जातोच, आणि फसगत इथेच होते. सात चिठ्ठ्या डब्यात घालून बावन्न वेळा एकेक काढली, दर वेळी परत टाकली, तर कुठलातरी एक वार १३ किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे. म्हणून "गुरुवार १४ वेळा आला" हे एकटंच ऐकलं असतं तर मी मान डोलावली नसती. २१ ची गोष्ट वेगळी. कुठलाही वार २१ पर्यंत जाणं हे निव्वळ नशिबाने लाखात दोन-तीनदा घडेल. ज्यांना चिठ्ठ्या काढत बसायचं नाही त्यांनी संगणकाकडून काढून घ्याव्यात:

```python
import random
n = 0
for _ in range(100000):
    c = [0] * 7
    for _ in range(52):
        c[random.randrange(7)] += 1
    n += max(c) >= 13
print(n / 100000)
```

१३ च्या जागी आपला आकडा घालायचा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली तफावत मोजणारी पुस्तकातली काय-वर्ग चाचणीही हेच सांगते. तिचा आकडा साडेशेचाळीसच्या आसपास येतो आणि सात वारांसाठी १२.५९ ही मर्यादा निव्वळ नशिबाने शंभरात पाचदाच ओलांडली जाते. मला चिठ्ठ्या जास्त पटतात, कारण दादाला त्या समजावता येतात. तक्ता दाखवला की तो भाव विचारल्यासारखा माझ्याकडे बघतो.

म्हणजे आठवड्याची लय खरी आहे. वार पाळणारी माणसं ठाण्यात कमी नाहीत, त्यामुळे हे अपेक्षितच होतं. पण दादाचा प्रश्न आता सात वारांचा नव्हताच. तो सोमवार की गुरुवार एवढाच उरला होता. या दोघांनाच समोरासमोर ठेवलं तर ५२ पैकी ३१ आठवड्यांत सोमवार खाली होता, २१ आठवड्यांत गुरुवार. नाणं बावन्न वेळा उडवलं तरी इतका किंवा याहून जास्त एकतर्फी निकाल पाचात एकदा येतो. थोडक्यात, लय खरी आहे, पण सोमवार गुरुवारपेक्षा मंदा हे सिद्ध झालेलं नाही.

त्यात आणखी एक गाठ निघाली. वही तारखेनुसार पाहिली तर श्रावणातले चारही सोमवार त्या त्या आठवड्यातले सर्वांत मंदे होते आणि मार्गशीर्षातले चारही गुरुवार तसेच, कारण त्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचा घट असतो. हे आठ आठवडे बाजूला काढले तरी हिशेब २७ विरुद्ध १७ असा उरतो, आणि तोही नशिबाच्या पल्ल्यातच आहे. मग मी दादाला म्हटलं, "आकड्यांना यात मत नाही. तुझ्या आचाऱ्याला कोणता दिवस हवाय ते विचार." आचाऱ्याला गुरुवार हवा होता.

आता महिना. पहिल्याच पानावर चूक होती. दादाने महिन्याची एकूण विक्री मांडली होती आणि फेब्रुवारी पडलेला दिसत होता. अठ्ठावीस दिवसांचा महिना एकतीसच्या शेजारी ठेवला की दहा टक्के तिथेच जातात. शिवाय मार्च २०२५ मध्ये पाच रविवार होते आणि फेब्रुवारीत चार, आणि रविवार म्हणजे दादाचा कमाईचा वार. दिवसाची सरासरी काढून वारांचा हिशेब सारखा केला, तेव्हा फेब्रुवारी इतर महिन्यांसारखाच निघाला. (धंदा दरवर्षी वाढत असेल तर जानेवारीही असाच फसवतो: वर्षातला सर्वांत मंदा महिना तोच दिसतो, पण तो मंदा नसतो, फक्त आधी येतो.)

मग ऑगस्ट. तो २०२४ आणि २०२५ मध्ये सर्वांत खाली होता, २०२३ मध्ये मात्र सप्टेंबर. तीनपैकी दोनदा. दादा खूश झाला, पण बारा महिन्यांपैकी कुठलातरी महिना तीन वर्षांत निदान दोनदा तळाला जाण्याची शक्यता निव्वळ नशिबानेही चारात एक असते. एवढ्यावर महिनाभर कुलूप लावणं मला धाडसाचं वाटलं.

२०२३ का हुकलं ते मात्र पंचांगात लगेच दिसतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे निज श्रावण १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर असा आला, आणि लगेच १९ ला गणपती. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला लागला, २०२५ मध्ये २५ जुलैला. वह्या तिथीप्रमाणे पुन्हा कापल्या तेव्हा श्रावण तिन्ही वर्षी तळाला निघाला. कुठलाही एक महिना नशिबाने तिन्ही वर्षी तळाला जाण्याची शक्यता ढोबळमानाने १४४ मध्ये एक. वही उघडण्याआधीच श्रावणाचं नाव घेतलं असेल तर १७२८ मध्ये एक. दादाने तोंडाने "ऑगस्ट" म्हटलं होतं, पण त्याच्या मनातलं कारण श्रावणच होतं, म्हणून मी दुसरा आकडा नाही, पण पहिला नक्की मानतो. त्यातही शेजारचे महिने एकमेकांना ओढतात, त्यामुळे खरा पुरावा याहून थोडा कच्चाच. उलट, आकडे पाहून झाल्यावर सोयीची तिथी शोधली असती तर यातलं काहीच धरलं नसतं.

ऑगस्ट आणि श्रावण यातला फरक किती महाग पडू शकतो ते २०२६ च्या पंचांगात दिसतं. श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि ११ सप्टेंबरला संपतो. १ ऑगस्टपासून कुलूप लावलं असतं तर आषाढाचे शेवटचे बारा दिवस गेले असते, आणि १२ तारखेच्या अमावस्येपर्यंतचा तो आठवडा म्हणजे गटारीचा. गेल्या तिन्ही वह्यांत दादाची सर्वांत मोठी विक्री त्याच आठवड्यातली आहे. रंगाऱ्याला त्याने १३ ची तारीख दिली आहे.