कडेचं कोपर काढून देतो म्हणाले, फोटोच ताणून दिला

अंतरपाट नुकताच दूर झालाय, अक्षता अजून हवेत आहेत, मागे करवली कळश घेऊन उभी आहे. फोटो सुंदर आहे. फक्त चौकटीच्या उजव्या कडेवर मोबाइल उंचावलेल्या कोणाचं तरी पांढऱ्या बाहीतलं कोपर घुसलंय. लग्नघरच्यांना हा फोटो १२ × १८ इंचांत फ्रेम करायचा होता. फोटो दुरुस्त करून देणाऱ्या एकाला ऑनलाइन गाठलं, ८०० रुपये ठरले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर नमुना आला. ‘काका, मोठा करून बघा, हात दिसतोय का कुठे?’ हात खरंच दिसत नव्हता. पैसे गेले, मोठी फाइल आली, प्रिंट काढली, फ्रेम भिंतीवर लागली. मग मुलीची आई म्हणाली, ‘हिचा चेहरा सुजल्यासारखा का दिसतोय?’

चेहरा सुजलेला नव्हता, रुंद झालेला होता. मूळ फोटो ६००० × ४००० पिक्सेलचा. कोपर उजव्या कडेपासून आत साधारण ४५० पिक्सेलपर्यंत होतं. त्या माणसाने कोपर काढलंच नाही. उजवीकडची ४८० पिक्सेलची पट्टी कापली आणि उरलेले ५५२० पिक्सेल ओढून पुन्हा ६००० केले. उंची तशीच, रुंदी जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढली. ही लबाडी पटकन लक्षात येत नाही, कारण फाइलचं माप तपासलं तर ते मूळ फोटोइतकंच भरतं. शिवाय वधू-वर दोघेही सारखेच रुंद होतात, त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर डोळ्याला खटकत नाही.

पुरावा कळशाने दिला. मूळ फोटोत त्याची रुंदी ४६० पिक्सेल होती, दुरुस्त म्हणून आलेल्या फोटोत ५००. उंची दोन्हीकडे एकच. शिवाय करवलीच्या खांद्यावरचा पदराचा काठ, जो मूळ फोटोत कोपराच्या वर स्पष्ट दिसत होता, तो नव्या फोटोत नव्हताच.

चीड यावी अशी गोष्ट म्हणजे फोटो कापायचाच होता तर तो प्रामाणिकपणे कापता आला असता. रुंदी ५५२० केली की त्याच प्रमाणात उंची ३६८० होते, म्हणजे वरून-खालून मिळून ३२० पिक्सेल जातात. १२ × १८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला इंचामागे ३०० पिक्सेल धरून ५४०० × ३६०० लागतात. तेवढे उरतच होते. करवलीचा खांदा गेला असता, पण चेहरे शाबूत राहिले असते, आणि हे काम घरच्या घरी फुकट झालं असतं. ८०० रुपये खांदा आणि पदर वाचवण्यासाठीच दिले होते.

कोपर खरोखर काढायचं तर काम कसं होतं, हे माहीत असलं की समोरचा काय विकतोय ते ओळखता येतं. जाणकार माणूस आधी विचारतो, ‘याच्या आधीचा आणि नंतरचा फोटो आहे का?’ लग्नाचा फोटोग्राफर अक्षतांच्या वेळी एकापाठोपाठ फोटो घेतो. परका हात त्यांतल्या एखाद्यात खाली असतो किंवा पुढे सरकलेला असतो, आणि मागचा खरा पदर तिथे मिळतो. दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे, फोटोशॉपमधल्या `Auto-Align Layers` ने जुळवायचे आणि मास्क लावून फक्त कोपराच्या जागी दुसरा फोटो उघडा करायचा. इथे काहीच बनवावं लागत नाही, जे होतं तेच परत येतं. दोन्ही फोटोंत फ्लॅशचा उजेड कमीजास्त असेल तर तेवढ्या तुकड्याचा उजेड जुळवून घ्यावा लागतो. हा प्रश्न न विचारता जो लगेच भाव सांगतो, त्याच्यापासून सावध राहा.

दुसरा फोटो नसेल तर आजूबाजूचं कापड उचलून भरावं लागतं, आणि कडेवर तेच अवघड असतं. फोटोच्या मधला डाग भरताना चारही बाजूंनी आधार मिळतो, कडेवर तीनच बाजूंनी. म्हणून `Healing Brush` कडेजवळ घोटाळा करतो. तो आजूबाजूचा रंग ओढून घेतो, आणि कोपराचा थोडा भाग उरलेला असला तर बाहीचा पांढरेपणा पदरावर धुरकट डागासारखा पसरतो. म्हणून आधी वेगळ्या, रिकाम्या लेयरवर `Clone Stamp` ने सगळं कोपर झाकायचं. कोपर कॅमेऱ्याजवळ असल्यामुळे त्याची कड अस्पष्ट असते आणि दिसते त्यापेक्षा आत पसरलेली असते. तेव्हा दिसणाऱ्या कडेच्या पुढेही २०-३० पिक्सेल झाकावे लागतात. नाहीतर कोपर जातं आणि त्याची पांढरी झाक राहते.

पैठणीच्या काठाला क्रम महत्त्वाचा. आधी काठाची रेघ वरून खालपर्यंत जोडून घ्यायची, मग पोत भरायचा. उलट केलं तर काठ मध्येच तुटतो किंवा पायरीसारखा सरकतो. मागच्या झेंडूच्या माळांवर वेगळीच चूक होते. एकच फूल तीन-चार ठिकाणी उमटतं, कारण दर वेळी नवी जागा उचलायचा कंटाळा केलेला असतो. शेवटी बाहीची सावली आणि कापडावर पडलेली तिची पांढरी चमक काढायची. कार्यालयातल्या कमी उजेडात काढलेल्या फोटोला बारीक कण असतात. मऊ ब्रशने भरलेल्या जागी ते पुसले जातात, म्हणून तिथे तेवढेच कण परत घालावे लागतात. न घातल्यास प्रिंटवर तो तुकडा मेणचट दिसतो.

पैसे पूर्ण देण्याआधी एक चाचणी करा. ती मोफत मिळणाऱ्या गिंप सॉफ्टवेअरमध्ये होते. मूळ फोटो उघडा, `File > Open as Layers` ने दुरुस्त फोटो त्यावर आणा आणि वरच्या लेयरचा `Mode` बदलून `Difference` करा. दोन्ही फोटोंत जे सारखं आहे ते काळं होतं. काम प्रामाणिक असेल तर सगळा पडदा काळा आणि फक्त कोपराच्या जागी उजळ ठिपका दिसेल. फाइल पुन्हा जेपेग म्हणून साठवल्यामुळे बाकी ठिकाणी अगदी फिकट रवाळपणा दिसू शकतो, त्याची चिंता नको. पण चेहऱ्यांच्या, दागिन्यांच्या कडा दुहेरी रेघांसारख्या उमटल्या तर फोटो ताणलाय, सरकवलाय किंवा लहान करून परत मोठा केलाय. फक्त गाल उजळले तर न सांगता चेहरा गुळगुळीत केलाय.

ही चाचणी मूळ फाइलवरच चालते. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. म्हणून देताना आणि घेताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवा. लहान झालेल्या फोटोवर काम केलं असेल तर अक्षतांचे दाणे आणि पापण्यांचे केस १०० टक्के आकारात बघितल्यावर एकमेकांत मिसळलेले दिसतात.

सौदा ठरवताना लिहून घ्या: ‘फोटो कापणार नाही, माप आणि प्रमाण बदलणार नाही, दुरुस्तीचा लेयर वेगळा ठेवून फोटोशॉपची पीएसडी फाइल देईन.’ निम्मे पैसे आधी, उरलेले चाचणीनंतर. नमुना म्हणून अख्खा फोटो मागू नका, कोपराच्या जागेचा १०० टक्के आकारातला तुकडा मागा. कापून ताणणाऱ्याकडे तो तुकडा नसतोच.

फसवणूक झालीच असेल तर संभाषण, पैसे दिल्याची नोंद आणि दोन्ही फाइली जपून ठेवा. काम वाईट केलं किंवा ठरल्याप्रमाणे केलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० क्रमांकावर लगेच फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर नोंदवा. जितका उशीर होईल तितकी पैसे रोखून धरण्याची शक्यता कमी होते.