भट्टीजवळच्या मोटरला रिझॉल्व्हर की एन्कोडर?

बडोद्यात मकरपुऱ्याच्या आमच्या फाउंड्रीत भट्टीशेजारच्या सर्व्हो मोटरचा, शाफ्टचा कोन मोजणारा एन्कोडर भर दुपारी फॉल्ट द्यायचा, रात्री थंड झाला की मुकाट चालायचा. उघडला तर काचेच्या चकतीवर बारीक काळी धूळ. आत एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक्स असल्याने बहुतेक ऑप्टिकल एन्कोडर १०० अंशांच्या आसपासच हात टेकतात. तेच काम करणाऱ्या रिझॉल्व्हरमध्ये नुसती तांब्याची वाइंडिंग आणि लोखंडी पत्रे, हादऱ्याने तडकेल अशी काच नाही. बरेचसे १५० अंशांपर्यंत टिकतात. बिघाड शोधायलाही मल्टिमीटर पुरतो: साइन आणि कोसाइन वाइंडिंगचे ओहम जवळपास सारखे यायला हवेत. मात्र मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला रिझॉल्व्हर वाचता येतो का, हे आधी बघा. अचूकताही काही आर्क-मिनिटांचीच, म्हणून ग्राइंडिंग मशीनला मी एन्कोडरच लावेन.