भाड्याच्या खुर्च्या : गोदामातल्या मोजणीत झालेली फसवणूक

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या, सतरंज्या आणि स्वयंपाकाची भांडी भाड्याने आणली होती. कार्यक्रम छान झाला, सामान परत गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा निरोप आला : 14 खुर्च्या, 3 सतरंज्या आणि 2 पातेल्यांची झाकणं कमी आहेत, अनामतीतून कापून घेतो. कापायचा भाव नव्या वस्तूचा. खरं तर त्यातल्या 14 खुर्च्या आमच्याकडे आल्याच नव्हत्या, आणि हे आम्ही पुढे सिद्धही केलं. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितो आहे.

चलनावर 300 खुर्च्या लिहिल्या होत्या, 25-25 च्या 12 चळती. टेम्पो रात्री उशिरा आला. हमालांनी भराभर चळती उतरवल्या आणि "बारा चळती बघून घ्या, सही करा, पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय" म्हणाले. खरी मेख इथेच आहे. एकात एक बसलेल्या 24 खुर्च्या आणि 25 खुर्च्या नुसत्या नजरेला सारख्याच दिसतात. चळती सपाट जमिनीवर शेजारी शेजारी लावल्या तरच एखादी बोटभर खुजी दिसते. त्यातही खुर्च्या वेगवेगळ्या साच्यांच्या असतील तर उंचीवरून काहीच कळत नाही.

पुरावा मिळाला तो मांडणीच्या व्हिडिओतून. कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहाचं चित्रण आमच्या एका कार्यकर्त्याने केलं होतं. एका रांगेत 20 खुर्च्या, अशा 14 रांगा पूर्ण, आणि पंधराव्या रांगेत फक्त 6. म्हणजे 286. बाजूला एकही चळत शिल्लक नव्हती, आणि तोवर पाहुणे यायलाही सुरुवात झाली नव्हती. 300 मधून 286 गेले की बरोबर 14 उरतात, म्हणजे दुकानदाराने दाखवलेली तूट. 10 चळतींत एकेक आणि 2 चळतींत दोन-दोन कमी असल्या की हा आकडा सहज जमतो. व्हिडिओ समोर ठेवल्यावर त्याने खुर्च्यांचे पैसे सोडले. "माणसांकडून चूक झाली असेल" एवढंच म्हणाला.

सतरंज्या आणि झाकणांचे पैसे मात्र गेलेच. चलनावर नुसतं "पातेली 6" होतं. झाकणं किती आली हे कुठेच लिहिलं नव्हतं, आणि परतीच्या यादीत मात्र "पातेली 6, झाकणांसह" असं आलं. सतरंज्यांच्या गुंडाळ्या उतरवताना कुणी उघडल्या नव्हत्या. परत जाताना सगळं सामान टेम्पोत भरून "गोदामात मोजू" म्हणून नेलं, आणि तिथे आमचं कुणीच नव्हतं. सगळ्यात वाईट प्रकार मला हाच वाटतो. जाताना मोजणी आपल्यासमोर झाली नाही, तर येताना केलेल्या मोजणीचाही उपयोग राहत नाही.

आता आम्ही वेगळी पद्धत ठेवली आहे. खुर्च्या चळतीत मोजत नाही, दहा-दहाच्या रांगा लावून मोजतो. एक जण मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरा लिहितो. तडा गेलेल्या किंवा पाय वाकलेल्या खुर्च्या तिथेच बाजूला काढतो आणि चलनावर तशी नोंद करून आणणाऱ्याची सही घेतो, नाहीतर जुनी मोडतोड आपल्या नावावर येते. सतरंजी प्रत्येक उघडून पाहतो, कारण एका गुंडाळीत पूर्ण लांबीची एकच आहे की दोन आखूड आहेत हे बाहेरून कळत नाही. ताटं दहा सुलटी, दहा उलटी अशी रचतो. पोचे गेलेली ताटं नीट बसत नाहीत, म्हणून त्यांच्या उंचीवर भरवसा नाही. झाकणं, डाव, झारे यांना यादीत स्वतंत्र ओळ असते.

रात्री खरंच वेळ नसेल, तर सही करण्याआधी चलनावर स्वतःच्या हाताने लिहावं : "12 चळती मिळाल्या, नग मोजलेले नाहीत." मग आपल्या मनाने कुठल्याही दोन चळती सोडवून मोजाव्यात. त्यात एकही कमी निघाली तर टेम्पो सोडू नये.

परतीचं सामान टेम्पोत चढण्याआधी जागेवरच मोजायचं आणि त्याच चलनाच्या मागे लिहायचं. आलेले नग म्हणजे परत गेलेले अधिक मोडलेले. हा हिशोब जुळला की न्यायला आलेल्याची सही घ्यायची आणि कागदाचा फोटो तिथूनच दुकानदाराला पाठवायचा. "मला सहीचा अधिकार नाही" असं तो म्हणाला, तर मालकाला फोन लावायचा आणि सही होईपर्यंत सामान चढू द्यायचं नाही.