मधलीच एक टाइल उचलायची: छन्नी, मल्टिटूल, ग्राइंडर की ब्रेकर?

काँक्रीटवर अ‍ॅडहेसिव्हने चिकटवलेली टाइल काढताना शेजारची फुटते, ती बहुतेक वेळा घाव चुकला म्हणून नव्हे. सांध्यातलं ग्राउट दोन्ही टाइलांच्या कडा एकमेकींना जखडून ठेवतं आणि इकडचा घाव त्यातून थेट पलीकडे जातो. म्हणून हत्यार निवडताना आधी पाहायचं ते हे की सांधा तळापर्यंत मोकळा कशाने होईल.

त्याही आधी शेजारच्या सगळ्या टाइला नाण्याने वाजवून बघा. भरीव आवाज आला तर त्या पक्क्या आहेत. एखादी पोकळ वाजली तर तिच्याखाली आधार कमी आहे आणि थरथरीने ती सुटेल किंवा तडकेल. अशा जागी ब्रेकरचा विचारच सोडून द्या.

सांध्यासाठी सर्वांत भरवशाचं हत्यार म्हणजे मल्टिटूल, म्हणजेच पुढेमागे थरथरणाऱ्या पात्याचं यंत्र. ग्राउट काढायचं पातळ डायमंड पातं लावलं की 2 मि.मी. सांध्यातही ते कोपऱ्यापर्यंत जातं. हाताने घासायची ग्राउट-करवतही हेच करते. तिला फार वेळ लागतो, पण एका टाइलपुरती चालते. ग्राइंडर वेगवान असला तरी इतक्या अरुंद सांध्यात त्याची चकती जरा जरी वाकडी झाली की शेजारच्या कडेचा टवका उडतो. ग्राइंडर सांध्यात घालूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं खरं काम टाइलच्या अंगावर आहे.

समजा 600×600 मि.मी.ची, 9 मि.मी. जाडीची व्हिट्रिफाइड टाइल काढायची आहे आणि सांधा 2 मि.मी.चा आहे. चारही बाजूंचं ग्राउट काढून झालं की कडेपासून 40 मि.मी. आत एक चौकोन आखा आणि त्यावर ग्राइंडरने 10 मि.मी. खोल काप घ्या. 40 का? चकती गोल असते. 100 मि.मी. व्यासाची चकती 10 मि.मी. आत उतरली की पृष्ठभागावरचा तिचा काप मध्यापासून दोन्हीकडे 30 मि.मी. पसरतो. चौकोनाच्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण खोली हवी असेल तर वरचा काप तेवढाच पुढे जाणार. चौकोन 25 मि.मी. आत आखलात तर तो शेजारच्या टाइलवर चढेल. 40 मि.मी. ठेवलं की 10 मि.मी. जागा शिल्लक राहते. काप घेताना डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच, कारण या धुळीतला सिलिका फुप्फुसात साचतो. जमिनीखालून वायर किंवा पाइप गेलाय का, तेही आधी तपासा.

आता मधला भाग फोडायचा. इथे छन्नी-हातोडी की ब्रेकर, हे टाइलांच्या संख्येवर ठरवा. एक-दोन टाइला असतील तर छन्नीच बरी. मध्यभागी उभी धरून भोक पाडा, मग छन्नी जवळजवळ आडवी करून तुकड्यांखाली सरकवा. सलग बऱ्याच टाइला काढायच्या असतील आणि शेजारच्या भरीव वाजत असतील तर हलका ब्रेकर वेळ वाचवतो. मात्र राहणाऱ्या टाइलपासून 10 से.मी. अंतरावर तो थांबवा आणि पुढचं हाताने करा.

नुकसान होतं ते शेवटच्या 40 मि.मी.च्या पट्टीत. आतून बाहेर घाव मारला तर छन्नी सटकून शेजारच्या टाइलखाली शिरते आणि तिची कड उचलते. पट्टीच्या मध्यावर हलक्या घावांनी एक तुकडा काढा. त्या जागेतून छन्नी सांध्याला समांतर धरून दोन्ही कोपऱ्यांकडे सरका. कोपरे सर्वांत शेवटी. तुकडा उचलताना शेजारच्या टाइलवर छन्नी टेकवून उचकटायचं नाही, मध्ये लाकडी फळी असली तरीही नाही.

टाइला सांध्याशिवाय अगदी एकमेकींना भिडवून बसवल्या असतील तर हा क्रम बदलतो. तिथे मल्टिटूलचं पातं शिरतच नाही. मग काढायच्या टाइलवरच कडेपासून 5 मि.मी. आत, शेजारच्या बाजूला समांतर काप घ्यावा लागतो. ग्राइंडरचा काप कोपऱ्याच्या 40 मि.मी. अलीकडे संपवा आणि उरलेला भाग मल्टिटूलने कापा. राहिलेली बारीक पट्टी अशक्त असते, छोट्या छन्नीने तुकड्यातुकड्याने निघते.

हीट गनने टाइल सैल होते असं अनेकांना वाटतं. उष्णतेने विनाइलचा गोंद मऊ होतो, इपॉक्सी ग्राउटही नरमतं. सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हवर मात्र तिचा उपयोग नाही. फार जुन्या विनाइल टाइला आणि त्यांखालचा काळा गोंद यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तपासणी झाल्याशिवाय त्यांना घासू-कापू नका.

टाइल निघाली की जुनं अ‍ॅडहेसिव्ह खरवडा. कडेजवळ इथेही छन्नी समांतरच चालवा. शेजारच्या टाइलांवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली खोली मोजा. 9 मि.मी.च्या टाइलला 12 ते 13 मि.मी. खोली मिळाली की पुरे, म्हणजे नव्या अ‍ॅडहेसिव्हला 3 ते 4 मि.मी. जागा उरते.