पेन्शन विकावी की पूर्ण घ्यावी? आजचे 11.80 लाख आणि पुढचे 21.60 लाख

माझे भावजी टपाल खात्यातून निवृत्त होत आहेत. मागच्या रविवारी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. एका ओळीत लिहिलं होतं 11,79,936 आणि तिच्याखाली 21,60,000. दुसऱ्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल होता. "बारा लाख देऊन एकवीस लाख वसूल करणार. ही तर सावकारी झाली!"

जुन्या पेन्शन योजनेतल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला मूळ पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला विकून त्याची एकरकमी रक्कम घेता येते. नियमांत याला अंशराशीकरण म्हणतात, ऑफिसात सगळे 'पेन्शन विकणं' म्हणतात. भावजींची मूळ पेन्शन 30,000 रुपये, म्हणजे विकता येणारा भाग 12,000. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे 61 चा गुणक लागतो आणि तो 8.194 आहे. बारा हजार गुणिले 12 महिने गुणिले 8.194 असे 11,79,936 रुपये हातात येतात. त्या बदल्यात 15 वर्षं दरमहा 12,000 कापले जातात आणि त्यानंतर पेन्शन पूर्ववत होते. कपातीची बेरीज 21,60,000.

आकडे बरोबर आहेत, चूक बेरजेत आहे. पहिल्या महिन्यातले 12,000 आणि पंधराव्या वर्षातले 12,000 एकाच किमतीचे धरून भावजींनी ते एकमेकांत मिळवले. बँकेत आज 100 रुपये ठेवले आणि व्याज 7 टक्के असेल, तर वर्षाने 107 होतात. म्हणून वर्षभराने मिळणाऱ्या 100 रुपयांसाठी आज 93 रुपये 46 पैशांपेक्षा जास्त मोजण्यात अर्थ नाही, कारण तेवढे ठेवले की वर्षाने शंभर होतातच. महागाई शून्य असली तरी हा फरक राहतो. याच हिशोबाने कपातीच्या अगदी शेवटच्या हप्त्याचे 12,000 आजच्या भावात जेमतेम 4,350 रुपये भरतात.

मग 180 हप्ते एकेक करून आजच्या किमतीत आणले तर किती होतात? ते तुमच्या पैशाला किती व्याज मिळतं किंवा द्यावं लागतं यावर ठरतं.

| वार्षिक दर | सगळ्या कपातीची आजची किंमत |
|---|---|
| 7 टक्के | सुमारे 13.53 लाख |
| 9.4 टक्के | सुमारे 11.80 लाख |
| 12 टक्के | सुमारे 10.34 लाख |

मधली ओळ महत्त्वाची. पेन्शन विकणं म्हणजे साधारण 9.4 टक्के दराने 15 वर्षांचं कर्ज घेण्यासारखं आहे. सावकारी म्हणावी इतका हा दर नाही, पण स्वस्तही नाही.

भावजींना तक्ता फारसा पटला नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने मांडलं. समजा ते 11.80 लाख 7 टक्क्यांनी ठेवले आणि कापले जाणारे 12,000 दरमहा त्यातूनच काढले. पैसे किती दिवस पुरतील? बरोबर 12 वर्षं. त्यानंतर खातं रिकामं, कपात मात्र आणखी तीन वर्षं चालूच. हे ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. पेन्शन 15 ऐवजी 12 वर्षांनी पूर्ववत करा, ही कर्मचारी संघटनांची मागणी आहे. 12 वर्षं केली तर हा 9.4 टक्क्यांचा दर साधारण 7 वर येतो.

म्हणजे रक्कम घेऊन नुसती ठेवीत टाकायची असेल तर विकू नये, असं माझं मत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.2 टक्के दर धरला तरी तो 9.4 च्या खालीच राहतो. साडेआठ टक्क्यांचं घरकर्ज फेडण्यासाठी विकणंही हिशोबात बसत नाही, कारण स्वस्त कर्ज फेडायला महाग कर्ज काढल्यासारखं होतं. अनेक जण नेमकं हेच करतात आणि घर मोकळं झाल्याचं समाधान मानतात. त्या समाधानाचं मोल मी नाकारत नाही, पण ते फुकट मिळत नाही.

हा निकाल दोन गोष्टींनी उलटू शकतो.

पहिली म्हणजे प्राप्तिकर. विकून आलेली एकरकमी रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण करमुक्त असते, तर महिन्याची पेन्शन करपात्र असते. जो 20 टक्क्यांच्या टप्प्यात आहे त्याच्या कापल्या गेलेल्या 12,000 मधले त्याच्या हाती तसेही 9,600 च आले असते. मग हेच 'कर्ज' त्याला सुमारे 5.6 टक्क्यांनी पडतं, आणि 8.2 टक्क्यांच्या ठेवीतून कर जाऊनही साडेसहा उरतात. अशा माणसाने विकणंच फायद्याचं. भावजींना मात्र महागाई सवलत धरूनही नव्या करप्रणालीत कर लागत नाही, त्यामुळे हा फायदा त्यांना नाही.

दुसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण ठरवताना टाळता येत नाही. पेन्शनधारक गेला की कपात तिथेच थांबते, घेतलेली रक्कम परत मागत नाहीत आणि कुटुंब निवृत्तिवेतनही विक्रीमुळे कमी होत नाही. 11.80 लाख म्हणजे 98 महिन्यांची कपात. साधारण सव्वाआठ वर्षांच्या आत माणूस गेला, तर कुटुंबाने घेतलेल्यापेक्षा कमीच फेडलेलं असतं. प्रकृती खरोखर नाजूक असेल तर विकण्याची बाजू जड होते. निवृत्तीपासून वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणीही लागत नाही. त्या वर्षात शांतपणे विचार करता येतो, निरोप समारंभाच्या गडबडीत सही करण्याची गरज नसते.

ताईने मध्येच विचारलं, "आणि महागाईचं काय? पेन्शन कमी झाली की भत्ताही कमी होणार ना?" ही भीती सगळ्यांनाच असते, पण महागाई सवलत विक्रीपूर्वीच्या पूर्ण मूळ पेन्शनवरच मोजतात. कपात 12,000 वर स्थिर राहते, भत्ता 30,000 वर वाढत जातो.

नाही विकली तर 12,000 जास्त येत राहतात आणि कोणी नातेवाईक एकदम उसने मागायला येत नाही. ही दुसरी गोष्ट कुठल्याही सूत्रात बसत नाही, पण हातात मोठी रक्कम आल्यावर वर्षभरात ती कशी विरघळते हे मी जवळून पाहिलं आहे.

निघता निघता भावजींनी हळूच सांगितलं की छपराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या वैयक्तिक कर्जाचे तीन लाखांच्या आसपास शिल्लक आहेत, व्याज 13 टक्के. मी म्हटलं, "भावजी, हे आधी सांगायला हवं होतं." पूर्ण 40 टक्केच विकले पाहिजेत असा नियम नाही. फक्त 10 टक्के, म्हणजे 3,000 रुपयांची पेन्शन विकली तर 2,94,984 रुपये येतात. तेरा टक्क्यांचं कर्ज साडेनऊच्या आतल्या दराने फिटतं आणि उरलेली 27,000 मूळ पेन्शन तशीच राहते. त्यांनी लाल गोलावर काट मारून खाली हाच आकडा लिहिला.